कडेचं प्यादं आणि बाजूने शह: व्हान्चुरा बचावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत दादर, पार्ले, ठाण्याच्या शिकवण्यांमधून आणि रविवारच्या रॅपिड स्पर्धांनंतर हत्तींच्या शेवटाबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यातले एकाच बचावाचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळीकडे प्यादं पांढऱ्याचं आणि बचाव काळ्याचा धरला आहे. घरांची नावं देवनागरीत आहेत: ए६, एफ६, जी७ वगैरे. समोर पट मांडून वाचलंत तर अर्ध्या शंका तिथेच फिटतील.

१. हा व्हान्चुरा बचाव म्हणजे नेमकी कोणती मांडणी?

पांढऱ्याकडे राजा, हत्ती आणि ए पट्टीवरचं एकच प्यादं, काळ्याकडे राजा आणि हत्ती. पांढरं प्यादं ए६ वर आणि पांढरा हत्ती त्याच्या पुढे ए८ वर. काळा राजा पटाच्या दुसऱ्या टोकाला जी७ वर आणि काळा हत्ती एफ६ वर, म्हणजे प्याद्यावर बाजूने नेम धरून. पांढरा राजा सी४ वर आहे असं धरू. ही मांडणी कोणत्याही विश्लेषण-पटावर चिकटवता येते:

```
R7/6k1/P4r2/8/2K5/8/8/8 w - - 0 1
```

खेळी पांढऱ्याची असली तरी डाव बरोबरीत सुटतो. योसेफ व्हान्चुरा या चेक रचनाकाराने (१८९८–१९२१) ही मांडणी अभ्यासली. त्याचं विश्लेषण त्याच्या मृत्यूनंतर १९२४ साली छापून आलं.

यामागचं कारण असं. काळा हत्ती सहाव्या ओळीवरून प्याद्यावर डोळा ठेवून आहे, म्हणून पांढरा हत्ती ए पट्टी सोडू शकत नाही. त्याला मोकळं करायचं तर राजाने येऊन प्याद्याला जोर द्यायला हवा. पण राजा तिथे पोचला की त्याला बाजूने शह बसतात आणि लपायला जागा मिळत नाही.

२. माझा राजा प्याद्यापासून इतका लांब आहे. तो आधी प्याद्यासमोर न्यायला नको का?

नेता आला तर जरूर न्या. राजा प्याद्याच्या वाटेत उभा असेल तर फिलिडोरची नेहमीची पद्धत पुरते आणि हा बचाव लागतच नाही. व्हान्चुरा बचाव आहे तो राजा पटाच्या दुसऱ्या बाजूला अडकलेला असतानाचा.

पण पांढरा हत्ती ए८ वर आणि तुमचा राजा जी७ वर असेल, तर मधेच "आता राजाला घेऊन निघू या" असं करू नका. तो एफ७ वर आला की डाव हरतो. कसा, ते प्रश्न ५ मध्ये आहे.

३. शह कधी द्यायचा आणि गप्प कधी बसायचं? शाळेतली मुलं सारखे शह देत सुटतात.

सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच, आणि बचावाचा जीवही यातच आहे.

पांढऱ्या राजाने प्याद्याला हात लावला, म्हणजे तो ए५, बी५, बी६, बी७ किंवा ए७ यांपैकी एखाद्या घरात आला, की त्याच खेळीला शह द्यायचा. राजा पाचव्या ओळीवर असेल तर एफ५ वरून, सहाव्या ओळीवर असेल तर एफ६ वरून, सातव्या ओळीवर असेल तर एफ७ वरून. राजा प्याद्यापासून दूर गेला की हत्ती एफ६ वर परत आणायचा आणि पुन्हा प्याद्यावर नेम धरायचा.

प्रश्न १ च्या मांडणीतून चालून पाहू. राजा बी५, हत्ती एफ५ शह. राजा सी६, हत्ती एफ६ शह. राजा बी७, हत्ती एफ७ शह. राजा बी६, हत्ती एफ६ शह. राजा ए७, हत्ती एफ७ शह. राजा पुन्हा बी६, हत्ती एफ६ शह. राजा बी५, हत्ती एफ५ शह. कंटाळून राजा सी४ वर उतरला, तर हत्ती एफ६ वर. आपण निघालो होतो तिथेच आलो.

शह लगेच का द्यायचा, ते एक खेळी चुकवून पाहिलं की कळतं. राजा बी५ वर आला आणि काळ्याने शह देण्याऐवजी राजा एच७ वर सरकवला असं धरा. आता प्याद्याला राजाचा जोर आहे, म्हणून पांढरा हत्ती सुटतो आणि सी८ वर जातो. त्यानंतर काळ्याने एफ५ वरून शह दिला तर पांढरा हत्ती सी५ वर आडवा येतो. बाजूचे शह संपले आणि प्यादं पुढे निघालं. हत्ती ए८ वर कोंडलेला असतो तेव्हा त्याला असं आडवं येताच येत नाही. सगळा बचाव त्या कोंडीवर उभा आहे.

राजा सी४ किंवा डी४ सारख्या घरात असेल आणि खेळी काळ्याची असेल, तर घाईचं काहीच नाही. राजा जी७ वरून एच७ वर न्या, पुढच्या वेळी परत आणा. मात्र जी७ वर राजा असताना हत्ती जी६ वर सरकवून वेळ काढू नका. पांढरा राजा बी७ वर पोचला तर शह जी७ वरून द्यावा लागेल, आणि त्या घरात तुमचाच राजा बसलेला असेल.

राजा बी८ वर गेला तर? हत्ती एफ६ वर परत, पुन्हा प्याद्यावर नेम. आठव्या ओळीवर जाऊन ए८ चा हत्ती मारायचा मोह आवरा. हत्ती गेले की उरतं पांढऱ्याचं प्यादं आणि लांब राहिलेला काळा राजा, आणि मग वजीर थांबत नाही.

४. पांढऱ्याने प्यादं ए७ वर ढकललं तर बाजूचा नेम सुटतो. मग काय?

त्याच खेळीला हत्ती ए६ वर, प्याद्याच्या मागे. एकही खेळी वाया घालवू नका. उशीर झाला तर पांढरा हत्ती जी८ वर शह देतो, राजाने तो मारला की ए८ वर वजीर होतो, तोही शह देत.

हत्ती मागे पोचल्यावर पांढरा राजा बी५ वर येऊन त्याला हुसकेल. मग हत्ती सरळ खाली ए१ वर न्या. जितका लांब तितका बरा. राजा बी६ वर आला की बी१ वरून शह, तो सी६ वर गेला की हत्ती पुन्हा ए१. राजा बी७ वर आला की पुन्हा बी१ वरून शह. प्यादं ए६ वर असताना राजा ए७ वर त्याच्या पुढे दडू शकत होता. आता त्या घरात प्यादंच आहे, म्हणून मागून येणारे शह चुकवायला आडोसा नाही. मधल्या मोकळ्या खेळ्यांमध्ये काळा राजा जी७ आणि एच७ यांच्यातच फिरतो.

म्हणून पांढऱ्याच्या बाजूने खेळणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं: ए७ करण्याची घाई म्हणजे बरोबरी हातात देणं. प्यादं ए६ वर आहे तोवर प्रतिस्पर्ध्याला रोज थोडं थोडं चुकायची संधी असते.

५. राजा जी७ किंवा एच७ वरच का? एफ७ वर तो प्याद्याच्या एक घर जवळ येतो ना?

जवळ येतो आणि तिथेच सापडतो. राजा एफ७ वर असताना पांढरा ए७ खेळतो. काळा नियमाप्रमाणे हत्ती ए६ वर नेतो. आता पांढरा हत्ती शांतपणे एच८ वर जातो. धमकी आहे ए८ वर वजीर करण्याची. काळ्याने ए७ चं प्यादं मारलं तर पांढरा हत्ती एच७ वर येऊन शह देतो, राजाला बाजूला व्हावं लागतं आणि त्याच ओळीवरचा ए७ चा हत्ती जातो. ही युक्ती हत्तींच्या शेवटात सतत भेटते, तरी मुलं दर वेळी तिला नव्याने बळी पडतात.

राजा जी६ वर असेल तर युक्ती आणखी सोपी. ए७, हत्ती ए६, आणि पांढरा हत्ती जी८ वर शह. राजा त्याला मारू शकत नाही, त्याला हलावंच लागतं, आणि पुढच्या खेळीला वजीर.

राजा जी७ वर असला की जी८ वरचा शह त्याच्या अगदी लगत येतो, आणि तुमचा हत्ती ए पट्टीवर असल्यामुळे तो मारायला काहीच भीती नाही. एच७ वर असताना एच८ चंही तसंच. म्हणून ही दोनच घरं.

६. पांढरा राजा माझ्या एफ६ च्या हत्तीच्या अंगावर येतो तेव्हा काय करायचं? जी७ चा राजा हत्तीला जोर देतोय, मग हलवायची गरजच काय?

गरज आहे, आणि बऱ्यापैकी तयारीचे खेळाडू इथे चुकतात. पांढरा राजा ई५ वर आला. काळ्याला वाटतं, हत्तीला जोर आहे, एखादी वेळकाढू खेळी करू. मग पांढरा हत्ती जी८ वर शह देतो. राजाने तो मारला की पांढरा राजा एफ६ चा हत्ती मारतो, आणि जी८ वरच्या राजाला ए६ चं प्यादं गाठता येत नाही. शहातून राजा एफ७ वर गेला तर पांढरा हत्ती एफ८ वर पुन्हा शह देतो: मारला तर तोच प्रकार, नाही मारला तर एफ६ चा हत्ती फुकट जातो.

म्हणून राजा ई५ किंवा ई७ वर येऊन हत्तीला भिडला की हत्ती त्याच सहाव्या ओळीवरून पलीकडे, बी६ किंवा सी६ वर न्यायचा. प्याद्यावरचा नेम कायम राहतो. पांढरा राजा मागे वळून डी५ वर आला की हत्ती परत एफ६ वर. राजा सी५ वरून किंवा सी७ वरून बी६ ला भिडला, तरी उत्तर तेच: एफ६. राजा या टोकाला आला की हत्ती त्या टोकाला, पण ओळ सहावीच.

७. पांढऱ्याने ए७ वरून हत्तीने शह दिला तर राजा कुठे जाईल?

जी६ वर. प्रश्न ५ मध्ये जी६ वाईट म्हटलं होतं ते पांढरा हत्ती ए८ वर असताना. हत्ती ए७ वर आला की तो स्वतःच्याच प्याद्याची वाट अडवतो, म्हणून तेवढ्यापुरतं जी६ चालतं, आणि तिथून राजा एफ६ च्या हत्तीला जोरही देतो. पांढरा हत्ती ए८ वर परतला की राजानेही लगेच जी७ वर परतायचं, नाहीतर जी८ वरच्या शहाची धमकी खरी होते.

पांढरा हत्ती ए७ वर असतानाही शहांचा नियम प्रश्न ३ मधलाच राहतो. फक्त एक जपा: एफ७ वरून शह दिल्यावर पांढरा राजा बी७ वरून हलला की ए७ चा हत्ती थेट तुमच्या हत्तीवर येतो. राजा बी६ वर गेला असेल तर एफ६ वरून शह, बी८ किंवा ए८ वर गेला असेल तर नुसतंच एफ६. हत्तींची अदलाबदल होऊ द्यायची नाही.

८. डावात माझा हत्ती बहुतेक वेळा प्याद्याच्या मागे, ए१ वर असतो. तो एफ६ वर आणायचा कसा? मागेच राहिला तर बिघडतं काय?

आधी दुसरा भाग. प्यादं ए६ वर असताना हत्ती नुसताच मागे बसून राहिला तर पांढरा राजा चालत बी६ वर येतो. बी१ वरून शह दिला की तो ए७ वर, प्याद्याच्या पुढे दडतो. मग पांढरा हत्ती बी८ वरून बाहेर पडतो, बाजूने शह आलाच तर बी७ वर आडवा येतो, आणि तुमचा राजा अजून जी७ वरच आहे. म्हणून पांढरा राजा लांब आहे तोवरच हत्तीने जागा बदलायला हवी, आणि ती शह देत बदलली तर उत्तम.

ही मांडणी पाहा. पांढरा: राजा एफ३, हत्ती ए८, प्यादं ए६. काळा: राजा जी७, हत्ती ए१. खेळी काळ्याची.

```
R7/6k1/P7/8/8/5K2/8/r7 b - - 0 1
```

काळा हत्ती एफ१ वर शह देतो. राजा ई४ वर येतो, तोच त्याचा सर्वात चांगला रस्ता. आता एफ पट्टी मोकळी आहे आणि हत्ती एका दमात एफ१ वरून एफ६ वर. नेम बसला. राजा ई५ वर येऊन भिडतो, हत्ती बी६ वर (प्रश्न ६). राजा डी५, हत्ती एफ६. राजा सी५, हत्ती एफ५ शह. राजा बी६, हत्ती एफ६ शह. राजा बी७, हत्ती एफ७ शह. राजा सी६, हत्ती एफ६ शह. राजा बी५, हत्ती एफ५ शह. राजा सी४, हत्ती एफ६. पांढऱ्याने सगळं करून पाहिलं आणि हाती काही लागलं नाही.

पहिल्या शहाचं मोल मोठं आहे. शह न देता हत्ती शांतपणे बाजूला नेला तर पांढऱ्याला एक मोकळी खेळी मिळते. तो हत्ती बी८ वर नेतो, धमकी ए७ ची. आता सहाव्या ओळीवर जाणं चुकीचं, कारण ए७, हत्ती ए६, ए८ वर वजीर, हत्तीने तो मारला की बी८ चा हत्ती उलट मारतो. म्हणजे काळ्याला पुन्हा ए पट्टीवर जावं लागतं, पांढरा हत्ती बी६ वर येऊन प्याद्याला बाजूने जोर देतो, आणि व्हान्चुरा मांडणी हुकते. पुढे सुरू होतो तो वेगळाच, मोजून खेळायचा शेवट.

तसंच, हे राजा एफ३ वर असतानाच उरका. तो एफ४ वर आलेला असेल तर एफ१ वरच्या शहाला तो ई५ वर जातो, आणि मग हत्ती एफ६ वर ठेवणं म्हणजे प्रश्न ६ मधल्या जी८ च्या युक्तीत स्वतःहून पाऊल टाकणं. तिथे खेळी पांढऱ्याची असते.

९. बी पट्टीच्या प्याद्यालाही हेच चालेल ना?

नाही. प्यादं बी६ वर, पांढरा हत्ती बी८ वर आणि तुमचा हत्ती एफ६ वर असं मांडा. राजाला शह देत देत तो बी७ वर आला, तुम्ही एफ७ वरून शह दिला, आणि तो ए६ वर गेला. आता सहाव्या ओळीवरून शह देता येत नाही, कारण मधे त्याचं स्वतःचंच प्यादं आहे. राजा प्याद्याच्या आडोशाला बसून त्याला जोरही देतो, आणि पांढरा हत्ती सुटतो. ए पट्टीच्या प्याद्याला पलीकडे घरच नाही, म्हणून हा बचाव फक्त कडेच्या प्याद्याचा.

१०. पांढरा हत्ती प्याद्याच्या पुढे नसेल, किंवा प्यादं आधीच ए७ वर असेल तर?

पांढरा हत्ती प्याद्याच्या मागे किंवा बाजूला असेल तर तो कोंडलेला नाही, आणि या पानावरचं काहीही तसंच्या तसं लागू होत नाही. तिथे तुमचा राजा किती जवळ आहे यावर निकाल ठरतो.

प्यादं आधीच ए७ वर आणि पांढरा हत्ती ए८ वर असेल तर बाजूने काही साधत नाही. प्रश्न ४ मधली मागची जागा घ्या आणि राजा जी७ किंवा एच७ वर ठेवा. प्यादं ए५ वर किंवा त्याहून मागे असेल आणि हत्ती त्याच्या पुढे असेल, तर कल्पना तीच, फक्त तुमचा हत्ती प्याद्याच्या ओळीवर येतो.

११. एच पट्टीचं प्यादं असेल तर घरं कोणती?

आरशातल्यासारखी. प्यादं एच६, पांढरा हत्ती एच८, तुमचा राजा बी७ किंवा ए७, तुमचा हत्ती सी६. प्यादं काळ्याचं आणि बचाव पांढऱ्याचा असेल तर पट उलटा: प्यादं ए३, काळा हत्ती ए१, तुमचा राजा जी२ किंवा एच२, तुमचा हत्ती एफ३.

१२. समोरचा खेळाडू थांबतच नाही. बरोबरी मागायची कशी?

शह देत राहण्याला नियमात बंदी नाही. दोन रस्ते आहेत. एक, तीच स्थिती, तोच खेळणारा, तिसऱ्यांदा येणं. दुसरा, दोघांच्याही ५० खेळ्यांत प्यादं न हलणं आणि काहीही न मारलं जाणं. ए६ वरून ए७ झालं की ही मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते, हे बरेच जण विसरतात.

मोठ्या वेळेच्या डावात तुमच्याच खेळीने तिसऱ्यांदा स्थिती येणार असेल तर ती खेळी पटावर करू नका. ती फक्त कागदावर लिहा, घड्याळ थांबवा आणि पंचांना बोलवा. खेळी पटावर करून घड्याळ दाबलं की ती मागणी गेली.

१३. सराव कसा करायचा?

दोघांनी बसा, प्रश्न ८ ची मांडणी लावा, एकाने पांढरं घेऊन हवं ते करून पाहायचं आणि दुसऱ्याने प्रत्येक खेळीआधी मोठ्याने सांगायचं: "राजाने प्याद्याला हात लावलाय" किंवा "नाही लावला". मग बाजू बदला. लोकलमध्ये फोनवर करायचं असेल तर वरच्या दोन्ही ओळी `lichess.org/analysis` वर चिकटवा. पाच सोंगट्यांची स्थिती असल्यामुळे तिथल्या टेबलबेसमध्ये प्रत्येक खेळीचा पक्का निकाल दिसतो. मात्र आधी स्वतः खेळी ठरवा, मग निकाल उघडा. पांढरा राजा ई५ वर आणून मुद्दाम चुकीची खेळी करून पाहा, जी८ चा शह किती जोरात बसतो ते एकदा डोळ्यांनी बघायला हवं.